आडनाव गळालेला पेपर

आठवीतून शाळा सुटली आणि मी कोकणातून थेट कलबुर्गीत येऊन पडलो. शेती संशोधनाच्या एका केंद्रात कंत्राटी शिपाई. कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. सगळे हाकलतील असं रोज वाटायचं. तेव्हा मॅडमनी मला कन्नड शिकवलं, स्कॅन करायला शिकवलं, मेल पाठवायला शिकवलं. मॅडम संतपूरकडच्या, तुरीच्या मर रोगावर काम करणाऱ्या. त्यांचा पेपर परदेशातल्या मासिकात छापून आला तेव्हा केंद्रात पेढे मीच वाटले.

पेढे संपायच्या आत मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "अण्णा, बघा हे. मी कुठं हाय ह्यात?"

पहिलंच नाव त्यांचं होतं. पुढे वडिलांचं नाव, आणि बस्स. आडनावच नव्हतं.

मासिकाशी पत्रव्यवहार विभागप्रमुख सरांच्या नावे होता. लेखकांची माहिती त्यांनीच भरली होती, छपाईआधीचं प्रूफही त्यांनाच आलं आणि त्यांनीच ठीक म्हणून कळवलं. सर म्हैसूरकडचे. त्यांच्यात आडनाव नसतं. गावाचं एखादं अक्षर नावापुढे लावतात, झालं. मॅडमचं आडनाव 'कर' जोडलेलं गावाचं. सरांना वाटलं, हे गाव आहे.

"गाव कशाला पेपरात?" सर हसत म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला होता. पेपरावरचं नाव पदवीच्या प्रमाणपत्राशी जुळलं तरच गुण. आणि जगभरच्या पेपरांची जी मोठी सूची असते, तिने वडिलांचं नाव हेच आडनाव धरून मॅडमचा पेपर भलत्याच एका शास्त्रज्ञाच्या खात्यात टाकला होता.

मासिकाने कळवलं : पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाने विनंती करावी, सगळ्या लेखकांनी संमती द्यावी, ओळखीचा पुरावा जोडावा, मग शुद्धिपत्र काढायचं का ते संपादक ठरवतील.

सर काही पत्र पाठवेनात. "शुद्धिपत्र म्हणजे लोकांना वाटेल पेपरच खोटा."

"पेपर मागं घ्यायला सांगत न्हाई सर. नुसतं नाव," मॅडम कन्नडमध्ये पुन्हा पुन्हा सांगायच्या.

माझ्या कंत्राटावर सही सरांचीच. तरी मी रोज सकाळी त्यांच्या दारात उभा राहायचो. "सर, ते मेल?" शेवटी कंटाळून त्यांनी पाठवलं.

मग अडलं तिसऱ्या लेखकाशी. ते निवृत्त होऊन हुमनाबादेत बसलेले, मेल उघडतच नव्हते. मी बसने गेलो.

"संमती आहेच की. मासिकवाल्यांना सांगा, म्हाताऱ्याची व्हय म्हणून."

"तुमच्या मेलवरनंच जायला पाहिजे, सर. पासवर्ड?"

"ते पोराला ठाव. पोरगं अमेरिकेत. आता झोपलं असंल."

पोरगं उठेपर्यंत मी त्यांच्या ओट्यावर बसून राहिलो.

अखेर शुद्धिपत्र आलं. एक छोटंसं पान, त्याला स्वतःचा वेगळा क्रमांक : लेखकाचं नाव चुकीचं छापलं होतं, बरोबर नाव असं. मासिकाच्या संकेतस्थळावरचा मूळ पेपरही दुरुस्त झाला. मी आनंदाने सूचीत मॅडमचं आडनाव टाकून पाहिलं. शुद्धिपत्र तेवढं सापडलं. पेपर जुन्याच नावाने. सूचीवाल्यांना लिहिलं. 'विनंती मिळाली', एवढंच उत्तर. पुन्हा लिहिलं. तेच उत्तर.

तेवढ्यात प्राध्यापकाच्या जागेची तात्पुरती यादी लागली. पेपरचे गुण शून्य, शेरा : नाव जुळत नाही. आक्षेप घ्यायला मुदत थोडी. आम्ही पेपर आणि शुद्धिपत्र एकत्र जोडत होतो, तेव्हा मॅडमचे वडील गावाहून आले होते. रोजंदारीवर राबलेला माणूस. त्यांनी जुनं पान उचललं, इंग्रजी अक्षरं बोटाने लावत वाचली.

"हे तर माझं नाव हाय."

"व्हय, अप्पा."

"परदेशात छापलंय म्हंतीस. मग कामून पुसायलीस?"

मीच नवं पान पुढे केलं. "अप्पा, पुसलं नाही. हे बघा, तुम्ही मधे आहात. फक्त मागे आडनाव आलंय."

त्यांनी बराच वेळ दोन्ही पानं शेजारी धरली. "मग ठीक हाय," म्हणाले, आणि जुनं पान घडी घालून खिशात टाकलं.

अंतिम यादीत मॅडमचे गुण धरले गेले; मुलाखतीचं बोलावणं आलं. मी डोळे पुसत सूची उघडली. पेपरावर आता आडनाव होतं. पण पेपर अजून त्या परक्या शास्त्रज्ञाच्याच खात्यात. मेल होतं : नावदुरुस्ती पूर्ण, तक्रार बंद. खातं बदलण्यासाठी वेगळी विनंती करावी, पुराव्यासह.

"अण्णा, मुलाखतीत त्यांनी खातं उघडलं तर?" मॅडमनी विचारलं.

मी पदवीचं प्रमाणपत्र परत स्कॅनरवर ठेवलं.