काकूंच्या कोपऱ्याखालची घरं

मार्चमध्ये घोडपदेवच्या एका चाळीतली कोपऱ्याची खोली रिकामी करावी लागली. तो निर्णय माझ्या मोजणीवरून झाला.

शेजारी काटकोनात वळलेली नवी इमारत येणार होती आणि चाळीचा कोपरा नेमका तिच्या खाचेत होता. इमारतीच्या वजनाने त्या कोपऱ्याखाली, सहा मीटरवरच्या मऊ चिकणमातीवर किती ताण येईल, ते मला काढायचं होतं. वर्तुळं आणि केंद्रातून निघणाऱ्या रेघांनी दोनशे घरांत विभागलेला तक्ता घेतला. त्यावरची ठरावीक रेघ म्हणजे सहा मीटर, अशा प्रमाणात नव्या इमारतीच्या पायाचा नकाशा काढला. चाळीचा कोपरा तक्त्याच्या केंद्रावर ठेवला आणि पायाने झाकलेली घरं मोजली. पूर्ण चोपन्न होती. अर्धीमुर्धी मिळून आणखी चार. प्रत्येक घर म्हणजे पायावरच्या दाबाचा दोनशेवा भाग. मर्यादा छप्पन्न घरांची होती; त्यापुढे गेलं तर भिंतीला टेकू लागेपर्यंत खोली रिकामी करायची.

"अर्धी सोडून दे रे," सहकारी म्हणाला. "कोण मोजायला बसलंय?"

मी सोडली नाहीत.

पण मोजण्याच्या आधीच, पाहणीच्या दिवशी, मी त्या खोलीतल्या काकूंना सांगून बसलो होतो की भिंतीला काही होणार नाही. निर्णय कळवायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तेव्हा बोललास कशाला? भाच्याची खोली मिळत होती, ती मी जाऊ दिली."



काकू सध्या ठाकूरद्वारला बहिणीकडे राहतात. चाळीच्या भिंतीला टेकू लावण्याचं काम अजून सुरू झालेलं नाही.