खोडलेली लंगडी सबब

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. मी तीर्थपुरीत शाळेत शिकवत होते. वस्तीवरचा हापसा बंद पडला होता, मुली लांबच्या विहिरीवर पाण्याला जात आणि माझा वर्ग निम्मा रिकामा राही. तालुक्याच्या ऑफिसात तीन अर्ज करून झाले. चिडून मी जुन्या जालन्यातल्या एका साप्ताहिकासाठी लेख लिहिला आणि छापखान्यात स्वतः घेऊन गेले. साडेपाचची शेवटची एसटी गाठायची होती.

लेखात ‘बहिरं ऑफिस’ होतं, ‘वेड्यांचा कारभार’ होता, ‘लंगडी सबब’ही होती. मला तो फार धारदार वाटत होता.

छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याच्या एका पायाला लहानपणी पोलिओ झालेला. त्याने सगळं जुळवलं, कच्चा छाप काढला आणि मूळ कागदाशी ताडून पाहायला मोठ्याने वाचू लागला. ‘लंगडी सबब’ येताच मालक खुर्चीतून हसले, “काय रे लंगड्या, बाईंनी तुझंच नाव छापलं की!”

मी घाईने म्हणाले, “अहो, बोलायची पद्धत आहे ती. तुम्हाला नाही म्हटलं.”

“म्हाईत हाय, बाई. पण वाचलं की समदे माझ्याकडंच बघतेत.” मग छापावर बोट ठेवून, “माझी बहीण दोन वर्षं डोक्यानं आजारी राह्यली. लोक तिला वेडी म्हणायचे. तिनं कोणाचा हापसा अडवला न्हाई.”

मी घड्याळ पाहिलं. पाच वाजून गेले होते.

त्याने विचारलं, “सबब काय होती पण? ते न्हाई लिहिलं तुम्ही.”

खरंच नव्हतं लिहिलं. पाइप आले नाहीत, असं ऑफिसने सांगितलं होतं. पाइप तर दोन महिन्यांपासून आमच्या शाळेमागे पडून होते. ‘बहिरं’ही खोटंच. अर्ज पोचल्याच्या सह्या माझ्या पिशवीत होत्या. ऐकू न येणाऱ्या माणसाचा त्यात काय दोष? इथे ऐकून गप्प बसलेली माणसं होती. मी तिन्ही शब्द खोडले आणि त्या जागी तारखा, सह्या, पाइप घातले. त्याने जुळवलेल्या ओळी मोडून पुन्हा खिळे लावले. माझी एसटी गेली.

अंक निघाल्यावर आठवड्याभरात पाइप बसले. शिव्या हसण्यावारी नेता येतात, तारखांना उत्तर द्यावं लागतं. आजही लिहिताना असा शब्द आला की मी थांबते आणि नेमकं काय घडलं ते लिहिते. आजाराबद्दल लिहायचं असेल तर आजार म्हणते. माणसाच्या पायाचा गोष्टीशी संबंध नसेल तर त्याबद्दल सांगत नाही. इथे होता, म्हणून सांगितलं.

त्या दिवशी निघताना मालकांना सांगून पाहिलं, “त्यांना नावाने हाक मारा.” पुढच्या खेपेला त्यांनी मारलीही, जरा जास्तच मोठ्याने. तो खिळ्यांवरून मान वर न करता हसला. मी नसताना मालक त्याला काय म्हणतात, ते विचारायचं माझ्याने झालं नाही.