टँकरचं पाणी आणि वडिलांचा अंगठा

आमच्या वडिलांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. नव्वद सालच्या आसपास आम्ही जेसल पार्कला राहायला आलो आणि ऑफिसच्या टोकदार बुटांनी त्यांच्या पायाचा अंगठा दुखायला लागला. नखाच्या कडेची कातडी लाल होऊन टम्म सुजली. इमारतीखालचे डॉक्टर म्हणाले, "रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवा, चप्पल वापरा, नख सरळ कापा. कोपरे कोरू नका."

"गोळी नाही, इंजेक्शन नाही. ह्याला काही येत नाही," वडिलांनी घरी येऊन निकाल दिला.

पाय मात्र ते बुडवायचे. सूज उतरायची, की रविवारी दाराला कडी लावून नेलकटरने कोपरा कोरायचे. कडी कशाला, तर कुणी शिकवायला येऊ नये म्हणून! अंगठा पुन्हा ठणकायचा. मग संशय इमारतीत येणाऱ्या टँकरच्या पाण्यावर, नंतर मिठावर. आई बादली जरा जोरातच आदळायची.

शेवटी पू झाला, नखावर मांस चढलं. आता नुसतं बुडवून भागणार नाही, नखाची कड काढावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

"बघ, कापायलाच टपला होता," वडील माझ्या कानात पुटपुटले.

अंगठा बधिर करून डॉक्टरांनी कडेची उभी पट्टी काढली. तिला काट्यासारखं टोक होतं. "कोपरा कोरताना हे आत राहतं आणि मांसात घुसतं," ते म्हणाले.

वडिलांनी चष्मा लावून ते टोक बराच वेळ न्याहाळलं.

"मला तर काढल्याचं काहीच कळलं नाही," ते म्हणाले. "हे माझंच कशावरून?"