देवी न्हवं, सुया

म्हसवडच्या बाजारपेठेत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून सोनियाचं ब्यूटी पार्लर. लोक मला रंगुबाई टेलर म्हणतात आणि तिला "ती खड्ड्यांची पार्लरवाली". तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला माझ्या कानांनी ऐकू येतं ना! दोन्ही दुकानांच्या मध्ये पत्र्याचाच तर आडोसा आहे.

वयात येताना सोनियाला पुटकुळ्या फार आल्या. त्या तिनं नखांनी फोडल्या. पुटकुळ्या गेल्या, पण गालांवर बारीक खड्डे राहिले आणि खड्ड्यांच्या कडेनं काळे डाग. हात मात्र सोन्याचा. नवरीला ती अशी सजवते, की नवरीच्या आईलाच पोरगी ओळखू येत नाही. पण गिऱ्हाईक आधी हात बघत नाही, तोंड बघतं. लग्नसराईच्या तोंडावर एक बाई आपल्या लेकीला, शिवांजलीला घेऊन आली. सगळं ठरत आलं होतं आणि बाई सहज बोलून गेली, "आवं, तुमच्या तोंडाला गुण येईना, आमच्या पोरीला काय येनार?" आणि फलटणच्या पार्लरात गेली. त्या दिवशी सोनियानं शटर ओढून घेतलं आणि आत रडत बसली. पार्लर टिकवायचं तर आधी हा चेहरा सुधारायला हवा, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

मग आम्ही दोघी एस्टीनं साताऱ्याला गेलो, कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे. बाई तरुण, पण बोलायला सरळ. भिंग लावून गाल बघितले आणि म्हणाल्या, "दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग. बारीक सुयांनी कातडीला टोचे देतो, मग ती आतून स्वतःला भरून काढते. डाग आणि चेहऱ्याचा तजेला यासाठी लेझर टोनिंग. लेझर टोनिंगनं खड्डे भरत नाहीत, ते आधीच सांगते."

"एका बारीत व्हतंय का?" सोनियानं विचारलं.

"नाही. सुयांच्या चार ते सहा बैठका, प्रत्येकीत महिनाभराचं अंतर. फरक हळूहळू दिसतो, शेवटच्या बैठकीनंतरही काही महिने. खड्डे साधारण निम्मे कमी होतील. कोरा गाल मिळणार नाही. आणि उन्हात फिरलात तर डाग परत येतील."

सोनियाचा चेहरा पडला. मला बाई आवडल्या. आमच्या मॅचिंगच्या कापडवाल्यासारखं "हाच रंग हाय बघा" म्हणून त्यांनी गळ्यात काही मारलं नाही.

घरी मात्र सोनियानं सासूला, भामाबाईला, यातलं काही सांगितलं नाही. साताऱ्याला कोर्स आहे, एवढंच सांगितलं. नवरा बिरदेव ट्रकवर, सासरा मागंच वारलेला, घरात या दोघीच. आणि भामाबाई म्हणजे जुनं माणूस. उभा जन्म मेंढरांमागं गेला. तोंडावर सुया टोचून घेतल्याचं कळलं असतं तर तिनं सगळी गल्ली गोळा केली असती, असं सोनियाला वाटायचं. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

पहिल्या दोन बैठका सुखरूप पार पडल्या. बधिर करायचं मलम लावून तासभर बसायचं, मग पेनासारखं यंत्र गालावरून फिरायचं, रक्ताचे बारीक ठिपके यायचे. चेहरा उन्हानं भाजल्यासारखा लाल व्हायचा तो दोन-तीन दिवस. तेवढे दिवस मेकअप नाही, वाफ नाही, घरचे लेप नाहीत आणि ऊन तर मुळीच नाही. सोनिया तोंडाला स्कार्फ बांधून फिरायची. आमच्याकडे उन्हापायी सगळ्याच बायका स्कार्फ बांधतात, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

तिसऱ्या वेळी साताऱ्याहून परत येईतो ती थकली होती. घरी गेली, स्कार्फ काढला आणि आडवी झाली. भामाबाई पाणी घेऊन आत आली, तर सुनेचं तोंड लालभडक, अंगार झालेलं आणि गालभर बारीक ठिपके.

म्हातारीच्या हातातला तांब्या पडला. तिला एकच दिसलं. देवी आली!

हे समजायला भामाबाईचं तोंड बघायला हवं. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, तो रोग तेव्हा आमच्या माणदेशात होता. तिची धाकटी बहीण त्यात गेली. भामाबाई वाचली, पण तोंडभर व्रण राहिले. देवी कधीच हद्दपार झाल्या, हे तिला शंभर वेळा सांगितलं असेल. पण डोळ्यांनी बघितलेलं कानांनी ऐकलेल्यापुढं टिकतं का? तिनं धावत जाऊन कडुलिंबाचा पाला आणला, हळदीत वाटला आणि झोपलेल्या सुनेच्या तोंडाला थापला. तिच्या आईनं तिला लावला होता, तसाच.

सोनिया किंचाळत उठली. आमची घरं एकाच गल्लीत, ते ऐकून मी धावले. टोचलेल्या कातडीत ती हळद आणि तो कडू पाला गेला होता. तोंड सुजायला लागलेलं. आम्ही गार पाण्यानं धुतलं, डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि सकाळची पहिली गाडी धरली. बाईंनी औषध दिलं, पुढच्या बैठका थांबवल्या. सूज गेली, पण जिथं जिथं भाजलं होतं तिथं काळे पट्टे उठले. आधीपेक्षा वाईट.

"लेझरनं काडा की हे लगेच," सोनिया म्हणाली.

"चिडलेल्या कातडीवर लेझर मारलं तर आणखी काळं पडेल. आपल्या सावळ्या कातडीत तो धोका असतोच. थांबावं लागेल."

थांबण्यात उरलेली लग्नसराई गेली. सोनिया तोंडाला मास्क लावून भुवया कोरायची आणि सासूशी एक शब्द बोलायची नाही. मला संताप यायचा, पण कुणाचा ते कळेना. एकीनं लपवलं, दुसरीनं जीव लावला. भामाबाई भाकरी थापून झाकून ठेवायची आणि ओट्यावर बसून राहायची.

दिवाळीनंतर बाईंनी बेतानं लेझर टोनिंग सुरू केलं. चेहरा घडीभर लाल होऊन निवळायचा. काळे पट्टे बैठकीगणिक फिके होत गेले. त्यानंतर सुयांच्या राहिलेल्या बैठका. आता नीट निरखलं तर खड्डे दिसतात, पण निम्म्यानं भरलेत. गिऱ्हाइकं परत यायला लागलीत. बायका उपाय विचारतात, तेव्हा सोनिया आधी सांगते, "घरात सांगून करा."

शेवटच्या बैठकीला भामाबाई हट्टानं आमच्याबरोबर आली. सोनिया आत गेली आणि काम उरकल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तशी म्हातारी उठली. मला वाटलं, माफी मागेल. तिनं पदर गालावरून थोडा बाजूला केला आणि हळूच विचारलं, "बाय, माजं बी जाईल का गं?"

बाईंनी भिंगातून बघितलं. "आजी, फार जुने आणि खोल आहेत. थोडे कमी होतील. जाणार नाहीत."

"मंग ऱ्हाऊ दे. ह्यास्नी काय दावायचं, ते तर गेलं. पर त्यांनी कवा ह्या गालाला हात लावला न्हाई, म्हनून इचारलं."

दारात उभी असलेली सोनिया हे ऐकत होती. गाडीत मला रडू आवरेना, मी खिडकीकडे तोंड केलं.

आठवड्यानं पार्लर उघडलं, तसं सोनियानं सासूला आणून आरशासमोरच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत म्हातारी कधी बसली नव्हती. सोनियानं तिचा पदर मागं सारला, क्रीम घेतलं आणि दोन्ही तळवे त्या खडबडीत गालांवर ठेवले. भामाबाईनं डोळे घट्ट मिटून घेतले. तशीच बोलली, "हळद न्हवं ना गं ही?"

"न्हाई आत्ती," सोनिया म्हणाली आणि हात तसेच ठेवले.