शटरमागचा कागद

मेहजबीन आमच्या दवाखान्यात अकरा वर्षं केसपेपर काढते. मी इथला कंपाउंडर, वैजनाथ. कर्वेनगरातला ट्रस्टचा दवाखाना; सकाळी गर्दी, संध्याकाळी सहा ते आठ मोजकी माणसं. संध्याकाळी केसपेपरच्या खिडकीचं शटर खाली असतं, नावं मीच वहीत लिहून घेतो.

संध्याकाळची वेळ ठेवायची की बंद करायची, हे लोकांना विचारा, असा अध्यक्षांचा हुकूम आला. मेहजबीननं फॉर्म केला, क्यूआर कोड छापून खिडकीच्या काचेला आतून चिकटवला, लिंक सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. पंधरा दिवसांत चारशे बारा उत्तरं आली. तीनशे एकाहत्तर जणांनी लिहिलं, संध्याकाळची गरज नाही. बाईनं अहवाल लिहून सही ठोकली. अध्यक्ष खूश!

मग एका संध्याकाळी ती विसरलेला डबा न्यायला आली आणि शटरसमोर थबकली. कागद आत, शटर खाली. संध्याकाळच्या एकाही पेशंटला तो दिसणं शक्य नव्हतं. मला तो रोज दिसत होता. माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बाकावर कांताबाई बसल्या होत्या. सहा घरांचा स्वयंपाक साडेसहाला आटोपतो, मग त्या बीपीच्या गोळ्यांना येतात. साधा फोन, ग्रुप कुठला? मेहजबीननं त्यांना विचारलं आणि मग तीन दिवस संध्याकाळी, हातात वही धरून, आलेल्या प्रत्येकाला विचारलं. अठ्ठावन्न माणसं, पंचावन्न जणांना हीच वेळ हवी.

ती अध्यक्षांकडे गेली, मीही होतो. तिनं सरळ सांगितलं की दोन्ही आकडे एकत्र मिसळू नका. लिंक किती जणांनी पाहून सोडून दिली, किती जणांनी दोनदा भरली, किती जण दवाखान्यात कधी आलेच नाहीत, काही कळायला मार्ग नाही. ज्यांची वेळ जाणार, त्यांना मात्र विचारलंच गेलं नाही.

"चारशे बारा मोठे की अठ्ठावन्न?" साहेब म्हणाले.

"आकडा मोठा आहे, साहेब. माणसं चुकीची आहेत. माझा अहवाल चुकला, लेखी देते."

"असं? मग ज्यांचा अहवाल चुकतो, त्यांची वही आम्ही बरोबर कशी मानायची?"

इतका राग आला मला! पण नोकरी मलाही हवी होती. मेहजबीननं वही पिशवीत घातली.

ठराव झाला. ‘बहुसंख्य नागरिकांच्या मतानुसार’ वेळ बंद झाल्याची पाटी लावायचं काम तिलाच दिलं. खाली छापलं होतं: तक्रारीसाठी क्यूआर स्कॅन करा. या वेळी तिनं कागद शटरच्या बाहेर चिकटवला.

शेवटच्या संध्याकाळी कांताबाईंनी काय लिहिलंय ते विचारलं. मेहजबीननं वाचून दाखवलं.

"एवढे कोण गं नको म्हणाले?"

"ज्यांना मी विचारलं ते," मेहजबीन म्हणाली.