उशिरा जोडली गेलेली मैत्रीण

नवरा गेल्यावर मी पुण्यातली खोली सोडून कळमनुरीला आले. नोकरी तीच राहिली, घरूनच करायची. शनिवार-रविवार कुणाशी बोलणंच व्हायचं नाही. मग सोमवारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये "नमस्कार" म्हणताना आवाज घोगरा निघायचा.

सगळे जोडले जाईपर्यंत आमच्या मॅडम गप्पा मारायच्या. पुण्यातली वाहतूक, कुणाच्या लेकराचा ताप. मग मला विचारायच्या, "तुमच्याकडे काय विशेष?" त्याचं उत्तर मी रविवारीच मनात जुळवून ठेवायचे.

एकदा मॅडम रजेवर होत्या. मीटिंग मी घ्यायचं ठरलं. गप्पांना मीच सुरुवात केली. "इकडं हळद शिजवून राहिले. गावाबाहेर गेलं की नुसता वास."

"हळद शिजवतात?" पुण्याच्या एकाने विचारलं. मी सांगितलं, आधी शिजवायची, मग वाळवायची. सगळे मन लावून ऐकत होते. मला बरं वाटलं.

काम सुरू झालं. ग्राहकांच्या दुसऱ्या तक्रारीवर आलो, तेवढ्यात पडद्यावर सूचना उमटली: कुणीतरी आत यायला थांबलंय. नाशिकची सहकारी होती. तिची आई गेली होती. त्यानंतर ती पहिल्यांदाच येत होती. मी तिला आत घेतलं. कॅमेरा बंद, माइक बंद. बोलणारे एकदम गप्प झाले.

नवरा गेल्यानंतर मी पहिल्यांदा मीटिंगला आले, तेव्हाही अशीच शांतता पसरली होती. मग कुणीतरी "तर पुढचा मुद्दा" म्हणालं. मी आले काय, न आले काय.

मी म्हणाले, "ये गं. बरं झालं आलीस. आत्ताच सुरुवात झालीय. हळदीच्या गप्पा झाल्या, पहिली तक्रार मिटली, आता दुसरीवर बोलतोय. तू नुसती ऐकलीस तरी चालेल."

"वाट बघत होतो तुझी," पुण्याचा म्हणाला. काम पुढे सरकलं.

शेवटी शेवटी तिचा माइक उघडला. "हळदीच्या कसल्या गप्पा?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई हळकुंडं आणून घरीच दळायची. विकतची चालायची नाही तिला." कुणीही घाई केली नाही.

मीटिंग संपली, एकेक जण निघून गेला. ती मात्र राहिली. आता तिने कॅमेरा लावला. डोळे सुजलेले होते.

"ताई, घरात एकट्या असता तेव्हा सकाळी काय करता?"

"रेडिओ लावते."

"बरं वाटतं?"

"कधी कधी."

तिने मान हलवली. मग "येते" म्हणून ती गेली.

पुढच्या सोमवारी मी नेहमीसारखी लवकर जोडली गेले, तर ती आधीच येऊन बसली होती. बाकीचे यायचे होते.