बिलातली दुमडलेली ओळ

सूनबाईचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. तासभर अरबीचा सराव, मग डबे, मग भाषांतराचं ऑफिस. मी तीस वर्षं गोदामात पोती उचलली. खुर्चीतल्या कामाला मी काम मानत नसे. एकदा ती डबा विसरली. तो द्यायला गेलो आणि तिथेच थांबलो.

तिच्यासमोर एक अरब इंजिनिअर बसला होता, रडकुंडीला आलेला. त्याने कंपनीच्या पाहुण्यांना जेवू घातलं होतं आणि बिलाचा फोटो मोबाइलच्या अरबी भाषांतरासह हेड ऑफिसला पाठवला होता. त्यात सेवा शुल्काचं ‘बक्षीस’ झालं होतं, म्हणजे वेटरला खुशीने दिलेले पैसे. कराचा आकडाही जुळेना. हिशेबनीसाने बिल खोटं ठरवलं. दुपारपर्यंत नीट भाषांतर गेलं नाही, तर नोकरी जाणार होती.

सूनबाईने फोटो मोठा केला. पदार्थ दोन हजार चारशेचे, सेवा शुल्क दहा टक्के, कर पाच टक्के.

"चोवीसशेवर एकशेवीस कर होतो. इथे एकशेबत्तीस आहे," ती म्हणाली. "मध्ये कागद दुमडलाय. तिथे एक ओळ आहे."

ऑफिसचे मालक घड्याळ बघत होते. "अगं बाई, अंदाजाने टाक ना! कोण बघतंय?"

"त्यांचा हिशेबनीस बघतोय, सर. न दिसलेलं मी लिहीत नाही."

"मग ‘वाचता येत नाही’ असं लिही आणि मोकळी हो."

"मी मोकळी होईन. हे अडकतील."

तिने इंजिनिअरला मूळ बिल मागितलं. ते हॉटेलच्या खोलीत होतं. तो धावत गेला, घेऊन आला. सूनबाईने कागद टेबलावर पसरला, तळहाताने सपाट केला, खिडकीच्या उजेडात पुन्हा फोटो काढला. पुसट ओळ दिसली: ‘सेवा शुल्कासह रक्कम २६४०’.

"सव्वीसशेचाळीसवर पाच टक्के, एकशेबत्तीस!" मी मोठ्याने बोललो.

"मामंजी, तुम्ही डबा द्यायला आलात की ऑडिटला?"

मग ती लिहायला बसली. अरबी उजवीकडून चालते, आकडे मात्र डावीकडून. रकमा आपापल्या ओळीसमोर राहिल्या पाहिजेत. सेवा शुल्काला तिने ‘रुसूम खिदमा’ लिहिलं. खाली बक्षिसाची वेगळी ओळ छापलेली होती, कोरी. तीही तिने तशीच उतरवली, पुढे ‘मुळात कोरी’ असं लिहून. एकेका ओळीवर बोट ठेवून तिने तीनदा ताडून पाहिलं. डबा तसाच गार झाला.

दुपारी हेड ऑफिसचा फोन आला. बिल मंजूर. इंजिनिअरने छातीवर हात ठेवून मान लववली. मी बाहेर पडताना मालक मला म्हणाले, "सून कडक आहे तुमची."

"आहेच," मी म्हणालो.

त्या कंपनीची सगळी कागदपत्रं पुढे तिच्याकडेच येऊ लागली. पगार वाढला. दोन वर्षं पैसे साठवून तिने भाषांतराची पदवी परीक्षा दिली. फीचा एक पैसाही तिने आमच्याकडून घेतला नाही.